कंटेनरभर भंगार: प्लास्टिक आणि ई-कचऱ्याच्या जागतिक व्यापाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचरा कुणी विकत का घेईल?

कचरा म्हणून कुणीच घेत नाही, घेतात त्यातला माल. दुधाच्या बाटल्या, पाण्याच्या बाटल्या, गुंडाळायची फिल्म, जुन्या संगणकांतली तांब्याची तार आणि सर्किट बोर्ड यांना गिऱ्हाईक आहे. प्लास्टिकचा दाणा करून तो पुन्हा कारखान्याला विकता येतो आणि तांब्याला तर कधीही भाव मिळतो.

घोळ असा आहे की माल सुटा येत नाही. गासडीत चांगल्या बाटल्यांबरोबर चिकट पिशव्या, अन्न लागलेले डबे, थरांची पाकिटे, थर्माकोल आणि ओल्या कागदाचा लगदाही असतो. घेणारा पैसे मोजतो ते चांगल्या भागासाठी, पण येते सगळेच. चांगले निवडून झाल्यावर जे उरते, ते कुणाच्या दारात पडणार? आयातीवरचे जवळजवळ सगळे निर्बंध या एका प्रश्नातून आलेले आहेत. पुढची उत्तरे वाचताना तो लक्षात ठेवला तर बाकीचे आपोआप उलगडत जाते.

इतका हलका आणि स्वस्त माल समुद्रापार नेणे परवडते कसे?

दोन कारणांनी. पहिले म्हणजे रिकामे कंटेनर. गेली काही दशके चीनमधून तयार माल भरलेली जहाजे अमेरिका आणि युरोपकडे जात आणि परतीला भरायला तितका माल नसे. कंटेनर तर मूळ बंदरात न्यावाच लागतो, मग तो रिकामा नेण्यापेक्षा मिळेल त्या भाड्यात काहीतरी भरून नेलेले बरे. त्यामुळे भंगार पलीकडच्या खंडात पाठवणे कित्येकदा आपल्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवण्यापेक्षा स्वस्त पडे.

दुसरे कारण कमी बोलले जाते. श्रीमंत देशांत कचरा भरावभूमीत टाकायला किंवा भट्टीत जाळायला टनामागे पैसे भरावे लागतात. म्हणजे मिश्र प्लास्टिकची गासडी फुकट दिली तरी देणारा फायद्यातच राहतो, कारण त्याची ती फी वाचते. शिवाय पाठवलेला माल 'पुनर्प्रक्रिया झाली' या रकान्यात मोजला जातो. विकणाऱ्याला मालाच्या भावापेक्षा तो दारातून हलण्याची घाई जास्त असेल, तर त्याच्या प्रतवारीवर कितपत विश्वास ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

कंटेनर पोहोचल्यावर आत नेमके काय होते?

चाळीस फुटी कंटेनर घेऊ. त्यात साधारण वीस टन माल बसतो, म्हणजे अर्ध्या टनाच्या सुमारे चाळीस गासड्या. तारांनी आवळलेली गासडी तारा कापताच फुगते आणि पसरते. मग ती पट्ट्यावर टाकून हाताने निवडतात. नेहमीचा कामगार बाटली हातात घेताच प्लास्टिक ओळखतो. कुणी आवाजावरून ओळखतो, तर कुणी कडेला लायटर धरून धुराच्या वासावरून. तो वास रोज छातीत घेणे हा त्याच्या कामाचाच भाग होऊन बसतो.

निवडलेला माल क्रशरमध्ये जातो आणि त्याचे नखाएवढे तुकडे होतात. ते धुऊन पाण्याच्या टाकीत सोडतात. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, म्हणून तरंगतात. पाण्याच्या बाटलीचे पेट जड, ते तळाला जाते. युक्ती स्वस्त आणि चांगली आहे, पण पीव्हीसीसुद्धा बुडते आणि पेटमध्येच मिसळते. पेट वितळवायला अडीचशे अंशांच्या वर तापमान लागते. त्या उष्णतेत पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडते. दाणा पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि यंत्राचा धातू गंजतो. घाणीचे थोडेसे प्रमाणही का चालत नाही, ते इथे दिसते. मूठभर चुकीचा माल उरलेल्या चांगल्या मालाची किंमत पाडतो.

आता हिशेब. समजा, वीस टनांतला चौदा टन माल कामाचा निघाला. उरलेल्या सहा टनांना गिऱ्हाईक नाही. जिथे भरावभूमीची फी भरावी लागते आणि तपासणीही होते, तिथे कारखानदार ते सहा टन पैसे देऊन टाकील आणि पुढच्या वेळी असा माल घेताना दहादा विचार करील. जिथे कुणी विचारत नाही, तिथे ते सहा टन कारखान्यामागे रात्री पेटतात किंवा ओढ्यात जातात. धुण्याचे पाणीही त्याच वाटेने जाते. दोन्ही ठिकाणी माल तोच आणि यंत्रेही तीच. फरक पडतो तो त्या सहा टनांचा खर्च कुणाच्या वहीत लिहिला जातो एवढाच. सौदा फायद्याचा ठरतो तोही पुष्कळदा तो खर्च कुणाच्याच वहीत नसल्यामुळे.

चीनने दार बंद केले म्हणजे नक्की काय केले?

१९९२ पासून २०१६ पर्यंत जगात जेवढे प्लास्टिक भंगार आयात झाले, त्यातले सुमारे ४५ टक्के एकट्या चीनने घेतले. २०१६ मध्ये तिथे ७० लाख टनांहून जास्त आले. जुलै २०१७ मध्ये चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळवले की चोवीस प्रकारचा घन कचरा आम्ही यापुढे घेणार नाही. त्यात घरगुती प्लास्टिक आणि न निवडलेला कागद होता. १ जानेवारी २०१८ पासून बंदी लागू झाली. बाकीच्या बऱ्याच मालासाठी मार्च २०१८ पासून भेसळीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली गेली.

अर्धा टक्का म्हणजे वीस टनांत शंभर किलो, चाळीस गासड्यांना वाटले तर गासडीमागे अडीच किलो. घराघरांतून एकाच डब्यात गोळा केलेल्या मालाला हे जमणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे कागदावर ही गुणवत्तेची अट असली, तरी व्यवहारात ती बंदीच होती. १ जानेवारी २०२१ पासून चीनने घन कचऱ्याची आयात पूर्णच थांबवली.

हे एका रात्रीत झाले असे सांगतात, ते खरे नाही. २०१३ मध्येच चीनच्या सीमाशुल्क विभागाने कंटेनर उघडून परत पाठवण्याची मोठी मोहीम काढली होती. निर्यातदारांनी ती वादळ समजून अंगावरून जाऊ दिली.

मग तो माल गेला कुठे?

जिथे दार उघडे दिसले तिथे. मलेशिया, व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया आणि तुर्कस्तान यांच्याकडे काही महिन्यांत लोंढा वळला. मलेशियात २०१८ मध्ये आठ लाख टनांहून जास्त प्लास्टिक भंगार आले.

सेलांगोर राज्यातल्या जेंजारोम गावाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. पामच्या बागांनी वेढलेले हे छोटे गाव. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये परवाना नसलेले कारखाने उभे राहिले. रात्री जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला, लोकांना खोकला आणि डोळ्यांची जळजळ सुरू झाली. रहिवाशांनी स्वतःच शेडची यादी करून तक्रारी केल्या, तेव्हा कुठे कारवाई झाली आणि बरेच कारखाने बंद पडले. मोकळ्या जागांवर परदेशी पाकिटांचे ढीग मात्र तसेच राहिले. चीनमध्ये बंद पडलेले काही व्यावसायिकच यंत्रे घेऊन तिकडे आले होते. भंगाराचा दाणा केला की तो कचरा राहत नाही, कच्चा माल होतो आणि चीनला विकता येतो. थोडक्यात, बंदीने धंदा थांबला नाही. धंद्यातला घाण भाग तेवढा देश बदलून बसला.

मलेशियाने नंतर कंटेनर परत पाठवायला सुरुवात केली. जानेवारी २०२० पर्यंत १५० कंटेनर, म्हणजे ३,७३७ टन माल तेरा देशांना परत गेला होता. सर्वांत जास्त कंटेनर फ्रान्स आणि ब्रिटनचे होते.

बासेल करार काय सांगतो?

१९८० च्या दशकात विषारी कचरा गरीब देशांच्या किनाऱ्यावर टाकून पळण्याची प्रकरणे गाजली. १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको या बंदरगावी इटलीहून आलेली रसायनांची पिंपे सापडली. फिलाडेल्फियाची राख घेऊन निघालेले एक जहाज हैतीच्या किनाऱ्यावर सुमारे चार हजार टन राख टाकून निघून गेले. त्यातून १९८९ मध्ये बासेल करार झाला आणि १९९२ मध्ये तो लागू झाला.

कराराचा गाभा साधा आहे: आधी विचारा, लेखी होकार मिळवा, मगच पाठवा. निर्यातदाराने आयातदाराशी आणि प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याशी करार करायचा. मग आपल्या देशाच्या नेमलेल्या अधिकाऱ्यांमार्फत आयात करणाऱ्या देशाला आणि वाटेतल्या देशांनाही सूचना द्यायची, त्यात माल काय, किती आणि कुठे जाणार हे लिहायचे. सगळ्यांचा लेखी होकार आल्यावर माल निघतो आणि त्याच्याबरोबर वाहतुकीचा कागद जातो. माल मिळाला, आणि पुढे त्यावर प्रक्रिया झाली, हे कारखान्याने त्या कागदाद्वारे कळवायचे असते. माझ्या मते हा शेवटचा टप्पाच या व्यवस्थेचा कणा आहे आणि हेळसांडही नेमकी तिथेच होते.

प्लास्टिक बरीच वर्षे या विचारण्याच्या बाहेर होते, कारण ते 'धोकादायक' धरले जात नव्हते. नॉर्वेच्या प्रस्तावावरून मे २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. आता तीन गट आहेत. निवडलेले, जवळजवळ निर्भेळ आणि पुनर्प्रक्रियेला जाणारे प्लास्टिक मोकळेपणाने जाऊ शकते. धोकादायक प्लास्टिकला परवानगी लागते. यांच्यामधले सगळे मिश्र आणि मळके प्लास्टिकही आता परवानगीच्या कक्षेत आले आहे. 'जवळजवळ निर्भेळ' म्हणजे किती टक्के, हे मात्र कराराने आकड्यात सांगितलेले नाही. प्रत्येक देश आपापला आकडा धरतो आणि बंदरावरचे निम्मे वाद त्यावरूनच होतात.

बेकायदा माल आला तर परत पाठवता येतो ना?

कायद्याने येतो. निर्यातदाराच्या चुकीमुळे वाहतूक बेकायदा ठरली, तर कळवल्यापासून तीस दिवसांत माल परत नेण्याची व्यवस्था निर्यात करणाऱ्या देशाने करायची असते. प्रत्यक्षात तीस दिवसांचे काय होते, ते कॅनडा आणि फिलिपिन्स यांच्या प्रकरणात दिसते.

२०१३ आणि २०१४ मध्ये कॅनडातून १०३ कंटेनर मनिलाला आले. कागदावर लिहिले होते: पुनर्प्रक्रियेसाठी प्लास्टिक भंगार. उघडल्यावर निघाला घरगुती कचरा: वापरलेले डायपर, स्वयंपाकघरातली घाण, वर्तमानपत्रे, पिशव्या, बाटल्या. फिलिपिन्सने माल परत न्या म्हणून सांगितले. कॅनडाचे म्हणणे असे की हा दोन खासगी कंपन्यांमधला व्यवहार आहे आणि सरकारला तो परत आणायला लावण्याची तरतूद आमच्या कायद्यात नाही. तेव्हाच्या कॅनडाच्या नियमांत असा बिनधोकादायक घरगुती कचरा बसतच नव्हता. ती फट त्यांनी २०१६ मध्ये बुजवली. त्याच वर्षी मनिलाच्या न्यायालयानेही यातले कंटेनर आयातदाराच्या खर्चाने परत पाठवा असा निकाल दिला, पण हलले काहीच नाही.

कंटेनर बंदरात उभा राहिला की जागेचे आणि डब्याचे भाडे रोज चढत जाते. आतला माल कुजतो, खालून पाणी गळते. त्यामुळे वाट पाहता पाहता ३४ कंटेनरांतल्या मालाची फिलिपिन्सनेच विल्हेवाट लावली. त्यातला बराचसा तारलाक प्रांतातल्या भरावभूमीत गेला आणि त्यावर स्थानिक लोक भडकले. उरले ६९.

एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी या कचऱ्यावरून कॅनडाशी युद्ध करू अशी भाषा केली. फिलिपिन्सने माल परत न्यायला घातलेली १५ मेची मुदत कॅनडा पाळू शकला नाही, तेव्हा फिलिपिन्सने आपले राजदूत माघारी बोलावले. अखेर ३१ मे २०१९ रोजी सुबिक बंदरातून ६९ कंटेनर घेऊन जहाज निघाले. खर्च कॅनडा सरकारने उचलला. जूनअखेर ते व्हँकुव्हरजवळ पोहोचले आणि माल बर्नबीच्या भट्टीत जाळून त्यातून वीज काढली गेली.

तीस दिवसांच्या कामाला सहा वर्षे लागली. जी भट्टी शेवटी कामी आली, ती पहिल्या दिवसापासून कॅनडातच होती.

आत चुकीचा माल आहे, हे न उघडता कळते का?

थोडेफार कळते. सीमाशुल्काच्या यादीत प्लास्टिक भंगाराचा गट ३९१५ आहे. त्यात पॉलिएथिलीन, स्टायरीन आणि व्हिनाइल क्लोराइड यांना स्वतंत्र क्रमांक आहेत आणि बाकी सगळे 'इतर' या शेवटच्या क्रमांकात जाते. कंटेनरमागून कंटेनर 'इतर'मध्येच येत असतील, तर तिथे पहिली शंका घ्यावी. दुसरी शंका भावावरून. चांगल्या निवडलेल्या मालाला बाजारभाव असतो, तेव्हा बिलावरची किंमत वाहतुकीच्या खर्चाइतकीही नसेल तर कुणीतरी माल घालवण्यासाठी पाठवतो आहे. तिसरी, घेणाऱ्याच्या पत्त्यावरून. पत्ता कारखान्याचा आहे की नुसत्या कार्यालयाचा? वर्षाला हजार टन धुण्याची क्षमता असलेल्याच्या नावावर दहा हजार टन येत असतील, तर नऊ हजार टन जातात कुठे, हे विचारायला कंटेनर उघडावा लागत नाही.

उघडल्यावरचे काम नाकाने आणि पायाने करायचे. कुजका वास, खालच्या फटीतून गळणारे पाणी, माश्या ही लक्षणे तर असतातच. पण दारापाशी चार रांगा स्वच्छ गासड्या आणि मागे घाण ही जुनी हातचलाखी आहे. म्हणून दार उघडून फोटो काढला म्हणजे तपासणी झाली असे होत नाही. माल बाहेर काढून मधल्या गासड्या फोडाव्या लागतात. त्याला माणसे, जागा आणि वेळ लागतो आणि बंदरात या तिन्हींची टंचाई असते. रोज हजारो डबे उतरणाऱ्या बंदरात त्यांतले थोडेच उघडले जातात. पाठवणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते.

ई-कचऱ्याचेही असेच आहे का?

गणित तेच, पण दोन्ही टोके जास्त टोकाची. चांगला भाग फारच मोलाचा असतो आणि उरलेला फारच विषारी. बऱ्यापैकी समृद्ध खाणीतल्या टनभर धातुकात सोने काही ग्रॅम निघते, तर टनभर जुन्या मोबाइलांत शंभर ग्रॅमपेक्षाही जास्त. उलट जुन्या टीव्हीच्या नळीची मागची काच घ्या. वजनाने तिचा साधारण पंचमांश भाग शिशाचे ऑक्साइड असते आणि तिला आता जवळजवळ गिऱ्हाईक नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन नोंदला गेलेला भाग २२.३ टक्के. सुमारे ५१ लाख टन देशांच्या सीमा ओलांडून गेला आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश कुणाच्या नियंत्रणाशिवाय.

हाताने काम कसे चालते, ते चीनच्या ग्वियू गावात आणि घानाच्या अक्रा शहरातल्या अग्बोगब्लोशीत जगाने पाहिले. तांबे काढण्यासाठी तारांची भेंडोळी पेटवतात. वरचे आवरण पीव्हीसीचे असते. क्लोरीन आहे, तांबे आहे आणि आग अर्धवट, म्हणजे डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार व्हायला जे लागते ते सगळे एका जागी. बोर्ड कोळशावर धरून कथील वितळवतात आणि त्यावरच्या चिप्स उपटून घेतात. मग सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात. ते आम्ल कुठे ओततात, हे वेगळे सांगायला नको. ग्वियूमधल्या मुलांच्या रक्तात शिसे जास्त असल्याचे संशोधकांनी २००० च्या दशकातच नोंदवले होते.

यात प्लास्टिक भंगाराचा धागाही आहे. संगणक आणि टीव्हीच्या काळ्या खोक्यांत आग लागू नये म्हणून ब्रोमीनयुक्त रसायने घातलेली असतात. असे प्लास्टिक जड असते, त्यामुळे मिठाच्या पाण्यात बुडवून वेगळे काढता येते. पण तेवढे कष्ट न घेता त्याचाही दाणा झाला की ती रसायने पुढच्या वस्तूत जातात. मुलांच्या खेळण्यांतही ती सापडली आहेत.

जुना संगणक कचरा कधी होतो? वापरलेली वस्तू विकू नये काय?

जरूर विकावी. चालू स्थितीतला जुना लॅपटॉप दुसऱ्याला आणखी काही वर्षे उपयोगी पडतो. अडचण अशी की 'वापरलेली उपकरणे' हे लेबल कचऱ्यालाही चिकटवता येते. बासेलच्या मार्गदर्शक सूचनांत यावर कसोट्या आहेत, त्यांचा आशय असा: प्रत्येक नग तपासलेला असावा, त्याचा निकाल नोंदलेला असावा, वाहतुकीत तुटू नये असे पॅकिंग असावे आणि खऱ्या विक्रीचे बिल असावे.

मला यातली सर्वांत बोलकी खूण पॅकिंगची वाटते. जी वस्तू विकून पैसे मिळणार आहेत, ती कुणी फावड्याने भरत नाही. तारा मुळापासून कापलेल्या, पडदे फुटलेले, सगळे मोकळे ढिगाऱ्यात. असा कंटेनर दुरुस्तीच्या दुकानाकडे निघालेला नसतो.

घाना आणि स्वित्झर्लंड यांच्या प्रस्तावावरून २०२२ मध्ये करारात आणखी एक दुरुस्ती झाली. १ जानेवारी २०२५ पासून धोकादायक असो वा नसो, सगळ्याच ई-कचऱ्याला पूर्वपरवानगी लागते. 'यात धोकादायक काही नाही' म्हणून सुटण्याची वाट त्यामुळे बंद झाली. 'हा कचराच नाही' असे म्हणण्याची वाट अजून उघडी आहे.

अमेरिका या करारात नाही म्हणतात. मग तिचा माल कसा जातो?

अमेरिकेने सही केली, पण मंजुरी दिलेली नाही. त्यामुळे तिथल्या निर्यातदाराला घरच्या कायद्यात फारशी आडकाठी नसते. पण नियम समोरच्याला बांधतो. करारातल्या देशाने बाहेरच्या देशाशी परवानगीच्या कक्षेतला कचरा घेण्यादेण्याचा व्यवहार करू नये, वेगळा समझोता असल्याशिवाय. म्हणजे अमेरिकेतून मिश्र प्लास्टिक पाठवणे अमेरिकेत गुन्हा नसले, तरी घेणाऱ्या देशात पोहोचताच ते बेकायदा ठरते. साहजिकच तपासणीचा सगळा भार घेणाऱ्याच्या बंदरावर येतो. मलेशियाने जुलै २०२५ पासून करारात नसलेल्या देशांचे प्लास्टिक भंगार घेणे बंद केले, ते या पार्श्वभूमीवर.

बंदीमुळे प्रामाणिक कारखानदार मरत नाही का?

काही प्रमाणात मरतो. चांगली यंत्रे आणि सांडपाण्याची सोय असलेल्या कारखान्याला रोज एकसारखा माल लागतो. देशात वर्गीकरण नीट होत नसेल, तर परदेशातली निवडलेली गासडी त्याला खरोखर हवी असते. सरसकट बंदी त्याच्यात आणि मागच्या शेडमधल्यात फरक करत नाही.

ई-कचऱ्यात हे जास्त जाणवते. बोर्डांतून सोने, चांदी, पॅलेडियम नीट काढणारे मोठे धातू-कारखाने बेल्जियम, स्वीडन, जपान अशा मोजक्या देशांत आहेत. छोट्या देशातल्या चांगल्या संकलकाला बोर्ड तिकडे पाठवायचे असतात आणि वाटेतल्या प्रत्येक देशाच्या होकारासाठी त्याचा माल महिनोन्महिने अडकतो. तोपर्यंत शेजारचा आम्लवाला रोख पैसे द्यायला तयार असतो.

पण दुसरी बाजूही आहे. स्वस्त आयात मुबलक असली की कारखाना देशातल्या कचरा वेचणाऱ्यांकडून कशाला घेईल? त्यांच्या मालाचा भाव पडतो आणि देशातल्या ज्या वस्तू भाव असल्यामुळे वेचल्या जात होत्या, त्या रस्त्यावरच राहतात. भारताने २०१९ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांसाठीची सवलतही काढून प्लास्टिक भंगाराची आयात बंद केली. थायलंड आणि इंडोनेशिया यांनी २०२५ मध्ये तसेच केले. या निर्णयांमागे प्रदूषणाइतकाच हा हिशेबही आहे.

युरोपीय संघाने तर निर्यातीच्या टोकाला हात घातला आहे. २१ नोव्हेंबर २०२६ पासून विकसित देशांच्या ओईसीडी गटाबाहेर प्लास्टिक कचरा पाठवता येणार नाही. पहिला टप्पा अडीच वर्षांचा आहे. मला ही पद्धत जास्त बरी वाटते, कारण माल निघण्याआधीच अडतो. मात्र तुर्कस्तान त्या गटाचा सदस्य असल्याने तो या बंदीतून बाहेर राहतो.

पळवाटा कोणत्या?

सर्वांत मोठी कागदाची. टाकाऊ कागदाच्या गासड्या आयात करायला अनेक देशांत परवानगी आहे, कारण कागदगिरण्यांना त्या लागतात. त्या गासड्यांत प्लास्टिकही येते. इंडोनेशियाच्या पूर्व जावामध्ये गिरण्या हे प्लास्टिक आसपासच्या गावांना देऊन टाकत. बांगुन गावात लोक ते अंगणात वाळवून निवडत. ज्याला भाव नाही ते त्रोपोदो गावातल्या टोफूच्या भट्ट्यांत जळण म्हणून जाई. २०१९ मध्ये पर्यावरण संघटनांनी त्या भट्ट्यांजवळच्या कोंबड्यांची अंडी तपासली, तेव्हा त्यांत डायॉक्सिनचे प्रमाण फार जास्त निघाले. सीमाशुल्काच्या नोंदीत हे प्लास्टिक म्हणून कधी आलेच नव्हते. तिथे ते 'कागद' होते.

'परत पाठवले' म्हणजे खरेच परत गेले का?

दर वेळी नाही. इंडोनेशियाने २०१९ मध्ये असेच भेसळीचे कागदाचे कंटेनर अमेरिकेला परत पाठवत असल्याचे जाहीर केले. पर्यावरण संघटनांनी त्यांतल्या ५८ कंटेनरांचा जहाजांच्या नोंदींवरून माग काढला. अमेरिकेत पोहोचले होते १२. भारतात उतरले होते ३८. उरलेले दक्षिण कोरिया, थायलंड, व्हिएतनाम अशा देशांत विखुरले होते.

बंदरातून डबा बाहेर गेला की परत पाठवणाऱ्या देशाची फाइल बंद होते. जहाज कंपनीला किंवा दलालाला वाटेत दुसरे गिऱ्हाईक मिळाले, तर मूळ देशापर्यंतचे भाडे वाचते. ते थांबवायचे तर मूळ देशाच्या अधिकाऱ्यांकडून डबा त्याच क्रमांकाने मिळाल्याची पोच मागवावी लागते आणि ती येईपर्यंत निर्यातदाराची अनामत अडकवून ठेवावी लागते.